दोन लाखांचे रोखे, दोन लाख आठ हजारांचं बिल

२१ जानेवारी २०२५ ला मी केंद्र सरकारचे दोन लाख रुपये दर्शनी किमतीचे रोखे घेतले. भाव होता शंभर रुपयांमागे १०२.२० रुपये. म्हणजे दोन लाख चार हजार चारशे रुपये, असा साधा हिशेब कोणीही करेल. खात्यातून प्रत्यक्षात गेले २,०८,५०२ रुपये २२ पैसे. वरचे चार हजार एकशे दोन रुपये कोणाला गेले, ते परत कसे आले आणि आल्यावर वहीत कुठे लिहिले, एवढाच या लेखाचा विषय. मी शोधलं तेव्हा मराठीत यावर सलग लिहिलेलं काही सापडलं नाही. म्हणून सगळे आकडे देऊन लिहिते आहे.

डिसेंबरात एक मुदत ठेव संपली होती. ती रक्कम लांब मुदतीसाठी एका ठरलेल्या दराने कुठेतरी बांधून ठेवायची होती. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेत सामान्य माणसाला थेट सरकारी रोखे घेता येतात, हे माहीत होतं. योजना नोव्हेंबर २०२१ पासून सुरू आहे. खातं उघडायला आणि ठेवायला पैसे पडत नाहीत. पॅन, मोबाइलला जोडलेलं आधार, बँक खातं आणि ईमेल लागतो, शिवाय वारसाचं नाव द्यावं लागतं. बँक खातं आणि पॅन यांवरचं नाव अक्षरशः सारखं असेल तर काम भरभर होतं. माझ्या बँक खात्यात मधलं नाव नुसत्या आद्याक्षराने होतं, त्यामुळे पडताळणी अडली आणि ते दुरुस्त करून घेण्यात नाताळ गेला. जानेवारीच्या सुरुवातीला खातं चालू झालं.

तिथे रोखे दोन वाटांनी मिळतात. एक लिलावाची, दुसरी बाजारात आधीच असलेले रोखे कोणाकडून तरी विकत घेण्याची. मला हवा होता तो रोखा, म्हणजे ७.१० टक्के जीएस २०३४, लिलावात मिळणार नव्हता. एव्हाना सरकार दहा वर्षांसाठी नवा रोखा विकत होतं. म्हणून दुसरी वाट. नावात सगळं काही आहे: जीएस म्हणजे सरकारी रोखा, वर्षाला ७.१० टक्के व्याज, मुदत २०३४ पर्यंत. नेमकी तारीख ८ एप्रिल २०३४. व्याज सहामाही, दर वर्षी ८ एप्रिल आणि ८ ऑक्टोबरला. दोन लाखांवर वर्षाचे १४,२०० रुपये, दर हप्त्याला ७,१००.

आता जानेवारीत रोखा घ्यायचा तर आधीचा हप्ता ८ ऑक्टोबरला देऊन झालेला आणि पुढचा ८ एप्रिलला. मधले साडेतीन महिने रोखा दुसऱ्या कोणाकडे तरी होता. पण ८ एप्रिलला सरकार अख्खे ७,१०० रुपये त्या दिवशी ज्याच्या नावावर रोखा आहे त्यालाच देणार. आधीचा मालक कोण होता आणि त्याने किती दिवस सांभाळला, हे रिझर्व्ह बँक बघत नाही. तो हिशेब विकणारा आणि घेणारा यांनी व्यवहाराच्या दिवशीच आपसात मिटवायचा असतो.

हे मला मामांनी समजावलं. ते एका नागरी सहकारी बँकेच्या गुंतवणूक खात्यातून निवृत्त झालेत. या व्याजाला ते ‘ब्रोकन पीरियड’ म्हणतात. बँकेतले सगळे तसंच म्हणतात. स्क्रीनवर ते ‘अ‍ॅक्रूड इंटरेस्ट’ असं दिसतं. मी फोनवर म्हटलं, “मामा, भाव एकशे दोन वीस दाखवतोय आणि एकूण रक्कम त्याहून जास्त येतेय.” ते म्हणाले, “अगं, भाव व्याज वगळूनच बोलतात. व्याज धरून बोलले असते तर रोज थोडा थोडा चढला असता आणि हप्त्याच्या दिवशी साडेतीन रुपयांनी धाडकन खाली आला असता. मग व्याजदर हलले म्हणून भाव बदलला की नुसते दिवस गेले म्हणून, हे कोणाला कळणार?” बाजारातला हा भाव शंभर रुपये दर्शनी किमतीमागे असतो, आणि साचलेलं व्याज त्यावर वेगळं मोजलं जातं.

मोजायची रीत मात्र आपल्या मनातल्या रीतीहून निराळी आहे. मी कॅलेंडर घेऊन ८ ऑक्टोबर ते २२ जानेवारी दिवस मोजले, ते आले १०६. (सौदा २१ ला झाला तरी रोखे आणि पैसे यांची अदलाबदल दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी होते, आणि व्याज त्या दिवसापर्यंत मोजायचं, सौद्याच्या दिवसापर्यंत नाही.) १०६ ला ३६५ ने भागून माझं उत्तर आलं ४,१२३ रुपये ८४ पैसे. पडद्यावर होते ४,१०२ रुपये २२ पैसे. एकवीस रुपयांचा फरक काही मोठा नाही, पण तो का आहे हे कळेपर्यंत मला बरं वाटलं नाही.

कारण असं की सरकारी रोख्यांत प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि वर्ष तीनशे साठ दिवसांचं धरतात. ८ ऑक्टोबर ते ८ जानेवारी तीन महिने, म्हणजे ९० दिवस. पुढे ८ ते २२ जानेवारी १४ दिवस. एकूण १०४. ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या एकतीस तारखा हिशेबात येतच नाहीत. मग:

२,००,००० × ७.१० टक्के × १०४ ÷ ३६० = ४,१०२.२२

पैशापर्यंत जुळलं. ही रीत सरकारी रोख्यांपुरती लक्षात ठेवा. ट्रेझरी बिलांना प्रत्यक्ष दिवस आणि ३६५ लागतात, कंपन्यांच्या रोख्यांनाही सहसा प्रत्यक्ष दिवसच मोजतात. एकाचं सूत्र दुसऱ्याला लावलं की असे दहा-वीस रुपये इकडेतिकडे होतात आणि माणूस उगाच आपली फसवणूक झाली असं समजतो.

खरेदीच्या दिवसाबद्दल थोडं व्यवहाराचं. घेणाऱ्याला आधी पैसे पाठवावे लागतात. ते क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या ठरलेल्या खात्यात जातात आणि जमा झाल्यावर तेवढ्या रकमेची खरेदीची मर्यादा मिळते. ही मर्यादा साचलेल्या व्याजासकट पुरायला हवी. भावाने गुणून नेमके २,०४,४०० पाठवले असते तर दोन लाखांची ऑर्डर बसलीच नसती. मी २,१०,००० पाठवले. ते नेट बँकिंगने. उरलेले १,४९७ रुपये ७८ पैसे बाजार बंद झाल्यावर परत आले. रोखे दहा हजारांच्या पटीत मिळतात आणि छोट्या रकमांच्या या बाजारात विकणारे थोडे असतात. माझी ऑर्डर पहिल्या दिवशी जुळलीच नाही. मी १०२.१० ला लावून बसले होते. दुसऱ्या दिवशी दहा पैसे वाढवले आणि जेवणाच्या सुट्टीत बघितलं तर सौदा झालेला. दहा पैसे म्हणजे दोन लाखांवर दोनशे रुपये. नऊ वर्षांच्या रोख्यासाठी त्यावरून आणखी थांबायची माझी तयारी नव्हती.

सौद्याची पावती डाउनलोड करून ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. भाव, साचलेलं व्याज आणि एकूण रक्कम या तीन गोष्टी वेगवेगळ्या तिथेच दिसतात. खात्याच्या शिल्लक पत्रकात फक्त दोन लाख दर्शनी किंमत दिसते. बँकेच्या पासबुकात तर गेलेले दोन लाख दहा हजार आणि परत आलेले दीड हजार, एवढंच. पावती हरवली की तीन वर्षांनी त्या ४,१०२ चा माग काढणं कठीण.

मग वही. मी घरचा हिशेब एका स्प्रेडशीटमध्ये दुहेरी नोंदीने ठेवते. पहिला मोह असा होता की सरळ लिहावं, रोखे २,०८,५०२. पण तसं केलं की दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात. दोन लाखांच्या वर मी दोन रकमा दिल्या होत्या आणि योगायोगाने त्या जवळजवळ सारख्या होत्या: ४,४०० आणि ४,१०२. पहिली रक्कम जास्तीच्या भावाची. बाजारात तेव्हा दहा वर्षांचा दर पावणेसात टक्क्यांच्या आसपास होता आणि हा रोखा ७.१० देतो, म्हणून तो दर्शनी किमतीहून महाग. ते ४,४०० मला २०३४ मध्ये परत मिळणार नाहीत. तेव्हा दोन लाखच येतील. त्याची भरपाई दर हप्त्यात थोडी थोडी, जास्तीच्या व्याजातून होणार आहे. दुसरी रक्कम मात्र अडीच महिन्यांत अख्खी परत येणार होती. एक खरेदीची किंमत, दुसरी जवळजवळ उसनवारी.

म्हणून २२ जानेवारीला मी अशी नोंद केली: ‘रोखे ७.१० टक्के २०३४’ खाती नावे २,०४,४००. ‘खरेदीवेळी दिलेलं व्याज’ खाती नावे ४,१०२.२२; बँक जमा २,०८,५०२.२२. ‘खरेदीवेळी दिलेलं व्याज’ हे मी खर्चात टाकलं नाही, येणं म्हणून मालमत्तेच्या बाजूला ठेवलं. खर्चात टाकलं असतं तर ३१ मार्चला संपलेल्या वर्षात चार हजारांचा खर्च दिसला असता आणि पुढच्या वर्षी सात हजारांचं उत्पन्न. दोन्ही खोटं. ३१ मार्चला ते येणं तसंच पुढे नेलं. मी व्याज हातात आल्यावरच उत्पन्न धरते, त्यामुळे त्या दिवशी आणखी काही करावं लागलं नाही. जे दर वर्षअखेरीला न मिळालेलं व्याजही धरतात त्यांना २२ जानेवारीनंतरचं, म्हणजे स्वतःच्या काळातलं व्याज मार्चअखेर वेगळं दाखवावं लागेल.

८ एप्रिलला मंगळवार होता. दुपारी बँकेचा मेसेज आला: ७,१०० जमा. रिटेल डायरेक्टला जोडलेल्या बँक खात्यातच आले. त्यासाठी अर्ज, कूपन, सही काही लागलं नाही. कापून काही घेतलेलं नव्हतं. अशा सरकारी रोख्यांच्या व्याजावर इथल्या रहिवाशांचा टीडीएस कापत नाहीत. कंपनीचा रोखा असता तर दहा टक्के कापले गेले असते, आणि तेही अख्ख्या हप्त्यावर. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे मीच आधी कोणाला तरी दिलेत, याची त्यांना माहितीही नसते.

या मेसेजने खूश होऊन मी नवऱ्याला सांगितलं, अडीच महिन्यांत सात हजार शंभर सुटले. तो म्हणाला, “मग सगळे पैसे यातच टाक की!” तेव्हा त्याला वही दाखवली. बँक नावे ७,१००. ‘खरेदीवेळी दिलेलं व्याज’ जमा ४,१०२.२२, म्हणजे ते खातं शून्यावर आलं, उरलेले २,९९७.७८ ‘रोख्यांचं व्याज’ या उत्पन्नाच्या खात्यात. हे उत्पन्न बरोबर आहे का, ते उलट बाजूने तपासता येतं. २२ जानेवारी ते ८ एप्रिल त्याच तीस दिवसांच्या रीतीने ७६ दिवस होतात. १४,२०० × ७६ ÷ ३६० केले की २,९९७.७८ च येतात. विकणाऱ्याचे १०४ आणि माझे ७६ मिळून १८०. ही बेरीज १८० झाली नाही तर तारीख कुठेतरी चुकली आहे, बहुधा सौद्याचा दिवस धरला गेलाय.

ज्यांना नोंदींचा हा खटाटोप नको आणि फक्त परतावा किती पडतो ते बघायचं आहे, त्यांनी स्प्रेडशीटमधल्या XIRR या परताव्याच्या सूत्रासाठी रकान्यात २२ जानेवारीला उणे २,०८,५०२.२२, ८ एप्रिलला अधिक ७,१००, तसेच पुढचे सगळे हप्ते आणि २०३४ मध्ये परत येणारे दोन लाख असं पूर्णच लिहावं. तिथे साचलेलं व्याज वेगळं काढायची गरज नाही. फक्त एका बाजूला व्याज वगळून भाव आणि दुसऱ्या बाजूला अख्खा हप्ता असं करू नका. परतावा फुगून दिसतो.

इथवर सगळं नीट जुळलं होतं. गुंता प्राप्तिकरात निघाला.

माझी एक मैत्रीण सीए आहे. तिला वही दाखवली तर म्हणाली, “वही छान आहे, पण विवरणपत्रात २,९९७ नको लिहूस. ७,१०० लिही.” मला वाटलं तिच्या लक्षात आलं नाही. पण तिला पूर्ण कळलं होतं. हिशेबाच्या शास्त्रात मी केलं तसंच सांगितलंय. गुंतवणुकीच्या लेखा मानकात, एएस १३ मध्ये, स्पष्ट आहे की खरेदीपूर्वीच्या काळातलं व्याज हे उत्पन्न नाही, ते किमतीतून वजा करायचं. कराचं तसं नाही. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये म्हटलं की रोखे घेताना दिलेली पूर्ण रक्कम, साचलेल्या व्याजासकट, ही भांडवली खर्चाची आहे. ती पुढे मिळणाऱ्या व्याजातून वजा होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच न्यायालयाने बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात बँकांना ही वजावट दिली, पण रोखे हा जिथे बँकेच्या धंद्याचा माल आहे तिथे. मी घरात बसून मुदतीपर्यंत ठेवणारी गुंतवणूकदार. मैत्रिणीच्या मते मी १९९० च्या निकालाच्या बाजूला पडते.

मग ते ४,१०२ गेले कुठे? ते करासाठी रोख्याच्या खरेदी किमतीत राहतात. म्हणजे करापुरती माझी किंमत २,०४,४०० नसून २,०८,५०२.२२. रोखा विकेन किंवा २०३४ मध्ये दोन लाख परत येतील तेव्हा तो फरक भांडवली तोट्यात दिसेल. पण आज कर भरायचा आणि नऊ वर्षांनी तोटा मिळवायचा, तोही वजा करायला दुसरा भांडवली नफा असला तर, हा सौदा काही बरोबरीचा नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ४,१०२ वर सुमारे ८२० रुपये कर आणि वर उपकर. ज्यांचं उत्पन्न नव्या प्रणालीत १२ लाखांच्या आत आहे आणि कर शून्यच येतो, त्यांनी हा परिच्छेद विसरला तरी चालेल.

म्हणून मी आता स्प्रेडशीटमध्ये आणखी एक रकाना ठेवला आहे, ‘करासाठी किंमत’. वहीतली किंमत आणि ही किंमत यांत ४,१०२.२२ चा फरक रोखा असेपर्यंत राहणार. पहिल्या नोंदीच्या शेरा-रकान्यात पावतीचा क्रमांकही लिहिलाय. २०३४ मध्ये विवरणपत्र भरणारी मी असेन की मुलगी, सांगता येत नाही.

यातून खरेदीच्या वेळेबद्दलची माझी समजूत पार उलटली. आधी वाटायचं, हप्त्याच्या जरा आधी घ्यावं, म्हणजे लगेच व्याज मिळेल. एका ओळखीच्या काकांनी तसंच सुचवलंही होतं: “मार्चअखेर घे, एप्रिलात सात हजार हातात.” सरकारी रोख्यांत हे करता येतं, कारण नोंदवही हप्त्याआधी जेमतेम एक दिवस बंद असते. पण १ एप्रिलच्या सुमारास घेतलं असतं तर ७,१०० पैकी पावणेसात हजारांहून जास्त मी आधीच मोजलेले असते. हातात आलेलं व्याज जवळजवळ सगळं माझंच, आणि कर मात्र अख्ख्या हप्त्यावर. कर भरणाऱ्याने हप्ता होऊन गेल्यावर, म्हणजे या रोख्यात ८ एप्रिल किंवा ८ ऑक्टोबरनंतरच्या दिवसांत घेतलेलं बरं. तेव्हा साचलेलं व्याज काही रुपयांचंच असतं. लिलावात अगदी नवा रोखा घेतला तर ते मुळीच नसतं. जुनाच रोखा सरकारने पुन्हा लिलावाला काढला असेल तर तिथेही भरावं लागतं. फक्त एवढ्यासाठी महिनोन्महिने थांबायचं की नाही, हे व्याजदर कुठे चाललेत यावर ठरतं. मला जानेवारीतला भाव हवा होता, मी घेतला.

कंपन्यांच्या रोख्यांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिथे हप्त्याच्या काही दिवस आधी रेकॉर्ड डेट असते. ती उलटून गेल्यावर घेतलं तर हप्ता विकणाऱ्यालाच जातो. मग उरलेल्या दिवसांचं व्याज त्याने घेणाऱ्याला द्यायचं असतं, म्हणजे बिलात साचलेलं व्याज उणे दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती चूक वाटते. चूक नसते, दिवस मोजून बघा.

८ ऑक्टोबर २०२५ ला दुसरा हप्ता आला. त्याची नोंद एका ओळीची: बँक नावे ७,१००, रोख्यांचं व्याज जमा ७,१००. वाटून घ्यायला आता कोणी नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं माझ्या वहीतलं व्याज १०,०९७.७८ आणि विवरणपत्रात लिहायचं १४,२००. मैत्रिणीने दोन्ही आकड्यांपुढे पेन्सिलने बरोबरची खूण केली आणि जानेवारीची पावती ईमेलवर पाठवून ठेव म्हणाली.